नाळ पडली, पण बेंबी ओलीच

*“माझं बाळ आज १९ दिवसांचं आहे. नाळ नवव्या दिवशी पडली, पण बेंबी अजून वाळली नाही. आत तुरीच्या डाळीएवढा लालसर, ओला गोळा दिसतोय आणि लंगोटाला रोज पिवळट चिकट डाग लागतो. दूध छान पितो, ताप नाही. सासूबाई म्हणतात हळद-तेल लावू, आत्याबाई बिब्बा घालायला सांगतात. औषधाच्या दुकानातून जखमेची पावडर आणली, तीन दिवस लावली, फरक नाही. नवऱ्याला वाटतं हे आतडं बाहेर येतंय. नाळ पडायच्या आधी मालिशवाल्या बाईंनी त्याला रोज भरपूर पाण्याने आंघोळ घातली, मी अडवलं नाही. त्यामुळेच बेंबी पिकली का?”*
*– एक आई, तालुक्याचं गाव*

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ‘तुरीच्या डाळीएवढा’. बहुतेक आया ‘काहीतरी लाल झालंय’ एवढंच सांगतात. तुम्ही आकार सांगितलात, ओल कशी आहे ते सांगितलंत, नाळ कोणत्या दिवशी पडली तेही सांगितलंत. एवढ्या माहितीवर मी न पाहता एक अंदाज बांधू शकते. मात्र तो अंदाजच आहे, आणि बाळ डॉक्टरांना दाखवल्यावरच पक्का होईल.

हा बहुधा बेंबीतला ग्रॅन्युलोमा आहे. नाळ गळून पडते तिथे एक छोटी जखम उरते. ती भरून येताना कोवळं मांस तयार होतं आणि वरून कातडी चढते. काही बाळांत कातडी चढायच्या आधीच ते कोवळं मांस जरा जास्त वाढतं. म्हणून ते गुलाबी-लाल असतं, सतत ओलं असतं आणि थोडा पिवळट चिकट स्राव सोडतं. त्यात संवेदना नसतात, त्यामुळे हात लागला तरी बाळ रडत नाही.

आता ‘पिकली का’ या प्रश्नाकडे येते. ओल दिसली की जंतू शिरले असं आपण धरून चालतो, आणि तिथेच गफलत होते. नाळ पडण्याची प्रक्रियाच ओली असते. नाळ आणि पोटाची कातडी जिथे जुळतात तिथे शरीरातल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि तो सांधा विरघळवतात. म्हणून नाळ पडायच्या एक-दोन दिवस आधी बुडाशी पिवळट चिकटा दिसतो, थोडा वासही येतो आणि पडताना रक्ताचे दोन-चार थेंब लागतात. हा पू नव्हे. साधारण ५ ते १५ दिवसांत नाळ पडते. तुमच्या बाळाची नवव्या दिवशी पडली, म्हणजे अगदी वेळेवर. तिसरा आठवडा उलटूनही खुंट तसाच असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. अशा काही मोजक्या बाळांत पांढऱ्या पेशींच्या कामातच दोष असू शकतो.

आंघोळीचं म्हणाल तर नाळ पडेपर्यंत अंग ओल्या कपड्याने पुसून घेणं बरं. सारखी भिजलेली नाळ वाळायला वेळ लागतो. पण आंघोळ घातली म्हणून ग्रॅन्युलोमा झाला असं काही म्हणता येत नाही. अंग पुसूनच वाढवलेल्या बाळांतही तो मी पाहिलेला आहे. तेव्हा त्या बाईंवर आणि स्वतःवरही राग धरू नका.

बेंबी तपासायची एक साधी रीत सांगते, ती घरातल्या सगळ्यांना शिकवा. बाळाला दूध पाजून झाल्यावर खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात उताणं निजवा. हात साबणाने धुवा. अंगठा आणि शेजारचं बोट बेंबीच्या दोन्ही बाजूंना ठेवून कातडी हलकेच फाकवा. सगळ्यांची नजर थेट त्या लाल गोळ्यावर जाते, पण तुम्ही आधी भोवतीची कातडी बघा. ती पोटाच्या इतर कातडीसारखीच मऊ आणि त्याच रंगाची आहे का? तिथे बोट टेकवल्यावर इतर ठिकाणापेक्षा गरम लागतं का? ती ताणलेली, चकाकणारी, टणक दिसते का?

ग्रॅन्युलोमात भोवतीची कातडी निरोगी असते. जंतुसंसर्ग असेल तर तो सर्वात आधी याच कातडीत दिसतो. बेंबीच्या कडेला लंगोट घासून आलेली बारीक गुलाबी रेघ चालते. लंगोट बेंबीच्या खाली बांधला की ती दिवसभरात जाते. पण लाली कडा ओलांडून पोटाच्या कातडीवर उतरू लागली, तर तो संसर्ग आहे असंच धरून चाला.

सावळ्या बाळांत लाली पटकन कळत नाही. तिथे रंग जांभळट किंवा नुसता गडद दिसतो. म्हणून रंगावर विसंबू नका, बोटाला लागणारी ऊब आणि सूज बघा. शंका असेल तर साध्या बॉलपेनने लालीच्या कडेवर बारीक रेघ ओढून ठेवा आणि वेळ लिहा. पण ही रेघ डॉक्टरांकडे जाताना त्यांना दाखवायला आहे. रेघ ओढून घरी वाट बघत बसायचं नाही.

इथेच हळदीबद्दलचा माझा आक्षेप आहे. सासूबाईंना हळद म्हणजे विष वगैरे सांगायची गरज नाही. हळदीने कातडी पिवळी होते, तेल त्यावर चमकतं, आणि मग लाली, पू आणि हळद यांतला फरक कुणालाच कळत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे १० दिवसांचं एक बाळ आलं. बेंबीवर हळद-तेलाची जाड चकती होती आणि वरून सुती पट्टी घट्ट बांधलेली. घरच्यांचं म्हणणं, नाळ छान वाळतेय, बाळच जरा सुस्त आहे. कोमट पाण्याने ती चकती सोडवायला मला दहा मिनिटं लागली. खाली बेंबीभोवती तीन बोटं रुंदीची लाली निघाली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत आणि सुजलेली. दोन दिवसांपासून हे आतल्या आत चाललं होतं. बाळाला जिल्ह्याच्या रुग्णालयात शिरेतून औषधं द्यावी लागली. ते बरं झालं. पण ती लाली पहिल्याच दिवशी दिसली असती तर काम पुष्कळ सोपं झालं असतं.

हा संसर्ग इतका गंभीर का, असं त्या बाळाच्या आजीने मला विचारलं होतं. बेंबी हे पोटातलं दार आहे. गर्भात असताना नाळेतली शीर सरळ यकृताकडे जाते आणि दोन रोहिण्या ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना मिळतात. जन्मानंतर या वाहिन्या आकसतात, पण पूर्ण बुजायला दिवस लागतात. तोवर बेंबीवरच्या जंतूंना रक्तात उतरायला आयती वाट असते.

बिब्ब्याबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, त्याने फोड येतात. मोठ्या माणसाच्या टाचेवर लावलं तरी व्रण उठतो, मग १९ दिवसांच्या बाळाच्या पोटावर काय होईल? आत्याबाईंना सांगा, डॉक्टरीणबाई पत्रातून ओरडल्या. माझं नाव घ्या, भांडण माझ्यावर ढकला. राख, शेण, काजळ, पावडर हेही त्याच यादीत. नाळ कोरडी आणि उघडी ठेवणं हीच तिची निगा. त्यावर काहीही लावायचं नसतं, स्पिरिटही नाही. जन्माच्या वेळी दवाखान्यातून तुम्हाला वेगळं काही लावायला दिलं असेल तर गोष्ट निराळी. तुम्ही आणलेली जखमेची पावडरही आता बंद करा. ग्रॅन्युलोमात मारायला जंतूच नाहीत, आणि पावडरीच्या गुठळ्या मात्र ओल धरून ठेवतात.

तुमच्या यजमानांची शंका मला मुळीच हास्यास्पद वाटली नाही. आतडं बाहेर येतंय असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो बेंबीचा हर्निया असतो. त्याला वरून पूर्ण, कोरडी कातडी असते. बाळ रडलं की फुगतो, शांत झालं की बसतो, आणि बोटाने हलकेच दाबला की गुळगुळ करत आत जातो. बहुतेक बाळांत तो पहिल्या काही वर्षांत आपोआप मिटतो. वर नाणं किंवा पट्टा बांधून काही फायदा नाही, खालची कातडी मात्र कुजते. तुमच्या बाळाचा गोळा ओला आहे, वर कातडी नाही, आणि तुमच्या वर्णनात तो रडताना मोठा होत असल्याचं काही नाही. तेव्हा हा हर्निया नव्हे.

पण ‘आतून येतंय’ या शंकेत एक खरा धागा आहे. गर्भात बेंबीपासून दोन नळ्या आत गेलेल्या असतात. एक आतड्याकडे, दुसरी मूत्राशयाकडे. जन्मापूर्वी दोन्ही बुजतात. क्वचित एखादी उघडी राहते किंवा तिचा तुकडा बेंबीत उरतो. त्यामुळे ओल किती आहे यापेक्षा ती कशाची आहे हे महत्त्वाचं.

एक आई मला आठवते. तिच्या बाळाच्या बेंबीला महिनाभर ‘पाणी’ येत होतं आणि दोन ठिकाणी ग्रॅन्युलोमाचाच उपचार झाला होता. तिला एक गोष्ट खटकली. डाग पिवळा नव्हता, रंगहीन होता, आणि बाळ जोरात रडलं की झबल्याचा पोटावरचा भाग भिजायचा. खालचा लंगोट मात्र कोरडा. तिने ते झबलंच आणून माझ्या टेबलावर ठेवलं. वास घेतला आणि कळलं, ही लघवी आहे. सोनोग्राफीत मूत्राशयाकडची नळी उघडी निघाली आणि बाळाला शस्त्रक्रियेसाठी पाठवावं लागलं. तसंच बेंबीतून हिरवट-पिवळी शी किंवा वायूचे बुडबुडे आले तर ती आतड्याकडची नळी. तेव्हा थांबायचं नाही, बालशल्यचिकित्सकांकडेच जायचं.

त्या नळीचा नुसता तुकडा उरला असेल तर तो ग्रॅन्युलोमासारखाच दिसतो. त्याला बेंबीतला पॉलिप म्हणतात. रंग जास्त भडक लाल, पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकाकता, जरा घट्ट, आणि त्यातून शेंबडासारखा चिकटा येतो. डोळ्यांनी फरक करणं आम्हालाही दरवेळी जमत नाही. ग्रॅन्युलोमाच्या उपचाराने गोळा बसला नाही, तेव्हाच तो पॉलिप असल्याचा संशय पक्का होतो. म्हणून उपचाराला मुदत घालायची.

तर आता करायचं काय? पहिलं काम, या दोन-तीन दिवसांत बाळ एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. धावपळ करून रात्री नेण्याची गरज नाही. पण गोळा कशाचा आहे हे कुणीतरी तपासलेलं नसताना घरी उपचार सुरू करू नका. आशाताई घरी येत असतील तर बाळाच्या एकविसाव्या दिवशी त्यांची भेट ठरलेली असते. त्यांच्याकडे वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. वजन त्यांच्याकडून घेऊन ठेवा. या वयात बाळ दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढत असेल आणि दिवसात सहा वेळा तरी लघवी करत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डॉक्टरांनी ग्रॅन्युलोमाच म्हटलं तर बहुधा ते दोनपैकी एक उपाय सुचवतील. एक म्हणजे सिल्व्हर नायट्रेटची कांडी लावणं. हे दवाखान्यातच करायचं असतं, कारण ती ओल शेजारच्या कातडीवर ओघळली तर कातडी भाजते. म्हणून आधी भोवती व्हॅसलीनसारखा थर लावतात. नंतर गोळा काळा-राखाडी पडतो आणि कपड्याला काळा डाग लागतो, त्याला घाबरू नका. देठ बारीक असेल तर डॉक्टर दोऱ्यानेही बांधतात.

दुसरा उपाय स्वयंपाकघरातल्या साध्या मिठाचा, आणि त्याला हसू नका. मीठ त्या फुगलेल्या कोवळ्या मांसातलं पाणी ओढून घेतं आणि ते सुकत जातं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांनीच हा उपाय अनेक वर्षं वापरला आहे. डॉक्टरांनी होकार दिला तर रीत अशी. हात धुवा. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून बेंबी पुसा आणि टिपून कोरडी करा. बारीक मिठाची छोटी चिमूट, गोळा झाकला जाईल एवढीच, फक्त गोळ्यावर ठेवा. वर छोटी गॉजची घडी ठेवून १० ते ३० मिनिटं राहू द्या. तेवढा वेळ बाळाजवळच बसा. मग कोमट पाण्यात भिजवलेल्या गॉजने सगळं मीठ पुसून काढा आणि कोरडं करा. दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस. गोळा फिकट, मळकट होऊन आक्रसू लागला की काम होतंय. आठवडाभरात ओल थांबायला हवी. थांबली नाही तर मिठाचा डोस वाढवायचा नाही, परत डॉक्टरांकडे जायचं.

बेंबीत रात्रभर मीठ भरून पट्टी बांधणं किंवा मिठाच्या पाण्याने अंग चोळणं हे मात्र धोक्याचं आहे. तान्ह्या बाळाची कातडी मीठ शोषते आणि रक्तातलं मिठाचं प्रमाण वाढू शकतं. घरात ‘थोड्याने बरं वाटतंय, जास्त घालू’ म्हणणारी एक व्यक्ती असतेच. मिठाची वाटी तिच्या हाती देऊ नका.

आता ज्या खुणा दिसल्या की पत्र लिहायचं नाही, वाट बघायची नाही, दिवस असो वा रात्र, सरळ रुग्णालयात जायचं, त्या सांगते. बेंबीभोवतीची लाली पोटावर पसरतेय. कातडी सुजली, ताणली, जांभळी पडली किंवा फोड आले. दाट, घाण वासाचा पू येतोय. बेंबीजवळ हात लावला की बाळ कळवळतंय. काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त आहे. बाळ उबेत गुंडाळूनही गार लागतंय. दूध ओढत नाही, उठवूनही झोपूनच राहतंय. मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास मोजले जातायत. पोट फुगलंय, हिरवी उलटी झाली. यातली एकच खूण पुरे. तान्ह्या बाळात ताप न येताही संसर्ग रक्तात पसरलेला असू शकतो, त्यामुळे ‘ताप नाही ना’ हा दिलासा अर्धाच धरा. लाली तासागणिक पसरताना दिसली तर १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात तान्ह्या बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत असते, तेव्हा पैशांसाठी थांबू नका.

रक्ताबद्दलही एक सांगून ठेवते, कारण या विषयावर मला वारंवार पत्रं येतात. नाळ पडताना काही थेंब चालतात. पण स्वच्छ कपड्याने दहा मिनिटं हलकेच दाबूनही रक्त थांबत नसेल, किंवा पुन्हा पुन्हा झिरपत असेल, तर लगेच दाखवा. जन्माच्या वेळी व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर बघून न्या. घरी जन्मलेल्या बाळांत ते बऱ्याचदा राहून गेलेलं असतं.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांची काळजी चुकीची नाही, फक्त तिला हळदीशिवाय दुसरं काम हवंय. मालिश त्यांनाच करू द्या, फक्त बेंबीभोवती दोन बोटं जागा सोडून. बाळाला निजवून केलेल्या मालिशीचं तेल घसरून बेंबीत साचतं, तेव्हा शेवटी कापसाने टिपून घ्यायचं कामही त्यांचंच. आंघोळ आता पाण्याने चालेल, नाळ पडलेली आहे. नंतर कोरडं करताना बेंबी पुसायला विसरायचं नाही. लंगोट बेंबीच्या खाली दुमडायचा, पोटावरून पट्टा नाही. शेकशेगडी करत असाल तर धूर बाळाच्या तोंडावर जाणार नाही इतक्या लांब ठेवा. बेंबीला शेक लागत नाही, हवा लागते.

आणि डॉक्टरांकडे जाताना आजचा डाग पडलेला लंगोट न धुता एका पिशवीत घालून न्या.